अंगठी, ढग, कोल्हा: मधल्या पानाकडे आधी बघा

प्रश्न: ताई, नमस्कार. मी बोरिवलीला राहते, वय ३३. चार महिन्यांपासून एकाला भेटतेय, ओळख मैत्रिणीने करून दिली. लग्नाचं तोच बोलतो, पण घरच्यांना भेटूया म्हटलं की ‘जरा थांब’ म्हणतो. शनिवारी बहुतेक वेळा फोन लागत नाही, काम असतं म्हणतो. काल लेनोर्मांची, म्हणजे भविष्य बघायच्या छत्तीस चित्रांच्या गड्डीतली, तीन पानं काढली. विचारलं, ‘हा माझ्याशी प्रामाणिक आहे का आणि लग्न करेल का?’ अंगठी, ढग, कोल्हा, याच क्रमाने आली. कोल्हा म्हणजे फसवणूकच ना? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. संपवून टाकू का हे?

उत्तर:

तीन पानांच्या एवढ्या ओळीवरून काही संपवू नका. ओळ चांगली नाही, हे मी लपवणार नाही. पण ‘हा माणूस लबाड आहे’ असंही ती म्हणत नाही. ती म्हणते की शब्द दिला गेलाय, त्या शब्दात नेमकं काय आहे ते अजून उघड झालेलं नाही, आणि उघड न होण्यात कुणाची तरी सोय आहे. कुणाची आणि कशासाठी, ते या तीन पानांत नाही. तुमची झोप उडाली ती तिसऱ्या पानाने. मी मात्र या ओळीत आधी मधल्या पानाकडे बघते.

त्याआधी प्रश्नाबद्दल दोन शब्द, कारण अर्धी गडबड तिथेच आहे. तुम्ही एका ओळीत दोन प्रश्न विचारलेत: प्रामाणिक आहे का, आणि लग्न करेल का. तीन पानं या दोन्हींना वेगवेगळी उत्तरं देऊ शकत नाहीत. प्रामाणिक माणूसही कधीकधी लग्न करत नाही, आणि अप्रामाणिक माणूस वाजतगाजत लग्न करतो, हे मुंबईत राहून तुम्हाला मी काय सांगायचं. आता ही ओळ ‘प्रामाणिक आहे का’ला लावली तर कोल्हा भारी पडतो. ‘लग्न करेल का’ला लावली तर अंगठी भारी पडते, ढग तिला रोखून धरतात आणि कोल्ह्याचा अर्थ बदलतो. शिवाय ‘आहे का, करेल का’ अशा हो-नाहीच्या प्रश्नाला लेनोर्मांची पानं ओढूनताणून उत्तर देतात. ही गड्डी वर्णन करण्यात तरबेज आहे. ‘येत्या तीन महिन्यांत आमच्या लग्नाच्या बोलण्याचं काय होताना दिसतं?’ असं विचारलं असतं तर हीच तीन पानं कितीतरी सरळ वाचता आली असती. मुदत घालणंही महत्त्वाचं, कारण ढग हे पान मुळात सरून जाणाऱ्या गोष्टीचं आहे आणि मुदत नसेल तर ते कधी सरणार, याला काही अर्थच उरत नाही.

मी तुमचा प्रश्न लग्नाच्या बोलण्याबद्दलचा धरते, कारण ओळ अंगठीपासून सुरू झाली आहे.

अंगठी म्हणजे करार. लग्न, साखरपुडा, भागीदारी, भाडेकरार, नोकरीचा बाँड, जे जे दोघांना बांधून ठेवतं ते सगळं तिच्यात येतं. पण हा करार चांगला की वाईट, मनापासूनचा की नाइलाजाचा, हे ती स्वतः सांगत नाही. ते शेजारची पानं सांगतात. प्रेमाचं पान वेगळं आहे, चोवीस नंबरचं हृदय, आणि ते तुमच्या ओळीत नाही. याचा अर्थ प्रेम नाही असा घेऊ नका. ओळीने तुमच्या प्रश्नातल्या बांधिलकीच्या भागाला हात घातला, भावनेच्या भागाला नाही, एवढंच. आणखी एक गोष्ट बहुतेकजण विसरतात. ओळीत अठ्ठावीस नंबरचा पुरुष नाही आणि एकोणतीस नंबरची स्त्री नाही. माणसाचं पानच आलेलं नसल्यामुळे अंगठी कुणाची आणि कोल्हा कोण, हे ठरवायला पानांकडून काहीच आधार नाही. तुम्ही कोल्हा त्याच्या नावावर टाकून मोकळ्या झालात. तो तुमचाही असू शकतो. कोल्हा हे सावधपणाचं, कान टवकारून बसण्याचंही पान आहे, आणि पानं पिसताना कान टवकारून कोण बसलं होतं, ते तुम्हीच मला लिहिलंय.

आता ढग. तीन पानांच्या ओळीत मी मधलं पान गाभा धरते. डावीकडचं पान विषय सांगतं आणि उजवीकडचं तो विषय कुठल्या दिशेने चाललाय ते. सगळेच असं वाचत नाहीत. काहीजण पहिलं पान नाम आणि पुढची दोन विशेषणं असं धरतात. दोन्ही रीती चालतात, फक्त एका ओळीत एकच वापरायची. गाभा ढग असेल तर या ओळीचं मूळ दुखणं अस्पष्टता हे आहे. खोटेपणा आणि अस्पष्टता यांत मोठा फरक आहे. ढगांच्या पानात माणूस स्वतःच गोंधळलेला असतो, किंवा परिस्थिती अर्धवट असते, किंवा बोलणं मोघम असतं. ‘जरा थांब’ हे अगदी ढगांचं वाक्य आहे. त्यात नकार नाही, होकार नाही, तारीख नाही.

एक काम करा. तुमची गड्डी काढा आणि ढगांचं पान नीट बघा. बऱ्याच गड्ड्यांत त्या ढगांची एक बाजू काळी आणि दुसरी उजळ रंगवलेली असते. काळ्या बाजूला पडलेल्या पानावर मळभ येतं, उजळ बाजूचं पान तुलनेने सुटतं. लेनोर्मांमध्ये पान उलटं वाचत नाहीत. टॅरोची सवय असलेल्यांना हे सांगावं लागतं. उलटं निघालं तर सरळ करून ठेवायचं. त्यामुळे तुमच्या गड्डीत काळी बाजू जिकडे छापली असेल तिकडेच ती प्रत्येक वेळी पडणार. काळी बाजू उजवीकडे असेल तर ती कोल्ह्यावर आहे: करार बऱ्यापैकी स्वच्छ, पण त्यामागचा हेतू किंवा कामधंद्याचा भाग अंधारात. काळी बाजू डावीकडे असेल तर ती अंगठीवर आहे: बांधिलकीतच अडचण आहे, आणि कोल्हा त्या अडचणीतून वाट काढायला बघतोय. दोन्ही वाचनांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तुमच्या चित्रात दोन्ही बाजू सारख्याच करड्या असतील तर हा नियम सोडून द्या. नसलेली छटा शोधून काढू नका. आणि मुख्य म्हणजे हे ओळ काढण्याआधी ठरलेलं हवं. ओळ समोर आल्यावर जी बाजू सोयीची ती काळी धरायची, असं करणारे मी पाहिलेत.

पानांच्या कोपऱ्यातल्या पत्त्यांच्या चित्रांकडेही बघा. अंगठी म्हणजे किलवरचा एक्का, ढग किलवरचा राजा, कोल्हा किलवरची नव्वी. तिन्ही किलवर. हा काही चमत्कार नाही. या पानांचं मूळ न्यूरेंबर्गच्या योहान कास्पर हेख्टेल यांनी १७९९ च्या सुमारास काढलेल्या, फाशांनी खेळायच्या एका करमणुकीच्या खेळात आहे, आणि छत्तीस चित्रांना पत्ते त्या खेळातच जोडलेले होते. मादमुआझेल लेनोर्मां १८४३ मध्ये वारल्या, त्यानंतर त्यांचं प्रसिद्ध नाव या गड्डीला चिकटलं. गड्डी त्यांनी केलेली नाही. पण वाचकांच्या परंपरेत किलवर हा कटकटीचा रंग मानला गेला, कारण साप, उंदीर, डोंगर, चाबूक, क्रूस ही सगळी मंडळी त्याच रंगात आहेत. अंगठीसारखं बऱ्यापैकी शुभ पान या घोळक्यात आहे हे मला नेहमी बोलकं वाटतं: करार म्हटला की कटकट आलीच. तिन्ही किलवर आले की मी एवढंच धरते की या विषयाला मेहनत पडणार, आपोआप काही सुटणार नाही. याहून जास्त वजन त्याला देत नाही.

राजा मात्र एक जास्तीची शक्यता उघडतो. जर्मन वाचकांत ढगांना किलवरच्या राजामुळे माणूस म्हणूनही वाचतात, विशेषतः वयाने मोठा पुरुष किंवा पूर्वीचा जोडीदार. तुमच्या बाबतीत ‘घरच्यांना भेटूया’ म्हटल्यावर थांबणं येतं, तेव्हा वडील, मोठा भाऊ, मामा असा कुणीतरी मध्ये आहे का, हे विचारण्याजोगं आहे. विचारण्याजोगं म्हणजे त्याला विचारण्याजोगं. पानांवरून ठरवून टाकण्याजोगं नाही.

आता येऊ तुमच्या कोल्ह्याकडे. गड्डीसोबत मिळणाऱ्या जुन्या माहितीपत्रकात कोल्ह्याबद्दल लिहिलेलं असतं: जवळ असेल तर ज्यांच्याशी संबंध आहे त्यांच्यावर विश्वास ठेवू नका, त्यांतलं कुणी फसवू पाहतंय, लांब असेल तर धोका नाही. बहुधा तुम्ही हेच वाचून घाबरलात. पण जवळ-लांबचा हा नियम छत्तीसच्या छत्तीस पानं मांडण्याच्या मोठ्या पटासाठी आहे. त्या पटात तुमचं पान, म्हणजे एकोणतीस नंबरची स्त्री, कुठेतरी असते आणि तिच्यापासून कोल्हा किती घरं दूर पडला ते मोजता येतं. तीन पानांच्या ओळीत सगळीच पानं एकमेकांना खेटून असतात आणि स्त्रीचं पान तर नाहीच. मोजायचं कुठून? मोठ्या पटाचा नियम छोट्या ओळीला लावला की प्रत्येक कोल्हा फसवा, प्रत्येक साप सवत आणि प्रत्येक शवपेटी मरण दिसायला लागते. शिकायला येणाऱ्यांत सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच.

छोट्या ओळीत कोल्ह्याचे तीन अर्थ खरोखर कामाचे आहेत. पहिला, फसवेगिरी किंवा काहीतरी ‘चुकीचं’ असणं. दुसरा, स्वार्थ, पण हा स्वार्थ नेहमी वाईटच नसतो, स्वतःचं बघून पाऊल टाकणं एवढाच त्याचा अर्थ अनेकदा असतो. तिसरा, नोकरी, पोटापाण्याचा धंदा. हा तिसरा अर्थ सगळे मानत नाहीत. काहीजण नोकरीला नांगर धरतात, काही चंद्र धरतात. तुम्ही ज्यांच्याकडून शिकलात त्यांनी नोकरीला कुठलं पान सांगितलं ते आठवा. कोल्हा सांगितला असेल तर तुमच्या ओळीत शनिवारचं काम सरळसरळ समोर उभं आहे: बांधिलकीच्या बोलण्यावर मळभ आहे, आणि त्याचा संबंध नोकरीशी आहे. त्यांनी नांगर सांगितला असेल तर आत्ता सोयीसाठी कोल्ह्याला नोकरी करू नका.

जोड्या लावून बघूया. अंगठी आणि ढग: अटी न ठरलेला करार, अर्धवट दिलेला शब्द. ढग आणि कोल्हा: हेतू दिसत नाही, किंवा कामाबद्दल धड सांगितलं जात नाही. दोन टोकांची पानं एकमेकांसमोर धरली तर अंगठी आणि कोल्हा: सोयीची बांधिलकी, हिशेब करून दिलेलं वचन, किंवा नोकरीचा करार. या तिन्ही जोड्यांतून एकच वाक्य काढायचं असेल तर मी म्हणेन, ‘लग्नाचं बोलणं मोघम ठेवलं गेलंय आणि तसं ठेवणं सध्या एका बाजूला सोयीचं आहे.’ क्रम उलटा असता, आधी कोल्हा, मग ढग, शेवटी अंगठी, तर मी बरीच निवांत असते: सावध सुरुवात, गोंधळाचा काळ आणि मग ठरणं. आणि ढग आधी, मध्ये अंगठी, शेवटी कोल्हा असं आलं असतं, तर मात्र मी तुमच्याइतकीच सावरून बसले असते, कारण मग गाभाच करार ठरतो आणि तो थेट कोल्ह्याच्या तोंडाशी जातो. तुमच्या ओळीत अंगठी आणि कोल्हा यांच्यामध्ये ढग आहेत. करार कोल्ह्याला चिकटलेला नाही. ढग सरले की दोघांचं नातं काय आहे ते दिसेल, आज दिसत नाही.

अशीच ओळ घेऊन मागे डोंबिवलीच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, तिचं सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. त्यांचंही नवं नातं होतं, पुरुष चाळिशीचा, ‘माझा डिव्होर्स झालाय’ म्हणून पहिल्याच भेटीत सांगितलेलं. लग्नाची तारीख मात्र पुढे पुढे जात होती. त्यांनी तीन पानं काढली ती हीच, याच क्रमाने. तीन पानांवर बोट ठेवता येईना, म्हणून मी ओळ पाचाची केली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. तीनाची पाच पानं करताना ती कुठे ठेवायची हे गड्डीला हात लावण्याआधी ठरवावं लागतं. दोन्ही पानं उजवीकडे लावली तर पाच पानांचा मध्य सरकतो आणि ढगांऐवजी कोल्हा गाभा होऊन बसतो. एक डावीकडे, एक उजवीकडे लावलं तर मध्य ढगच राहतो. पहिल्या रीतीत गोष्ट पुढे कुठे जाते ते कळतं, दुसरीत आहे त्याच गोष्टीची चौकट कळते. आम्हाला चौकट हवी होती, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक. गड्डी पुन्हा पिसली नाही, उरलेल्या पानांतली वरची दोनच घेतली. डावीकडे आला मनोरा, एकोणीस नंबर. उजवीकडे आलं पत्र, सत्तावीस.

मनोरा, अंगठी, ढग, कोल्हा, पत्र. पाचात मी टोकाची दोन पानं आधी जोडते, कारण ती चौकट असतात. मनोरा म्हणजे सरकारी कचेरी, कोर्ट, मोठी संस्था, आणि एकटेपणाही. पत्र म्हणजे कागद. दोन्ही मिळून कचेरीचा कागद. मग आतली जोडी, अंगठी आणि कोल्हा: करारात काहीतरी बरोबर नाही, किंवा कुणी सोयीने घेतंय. मध्ये ढग. ओळीत शेवटी असलेलं कागदाचं पान कोल्ह्याला लागून आहे, म्हणजे कागद एकतर खोटा, किंवा सोयीने सांगितलेला, किंवा नोकरीचा. आणि पहिल्या जोडीत मनोरा अंगठीला लागून आहे: कचेरीतला करार. तेव्हा मला सुचलं की ही अंगठी त्या बाईंची नसेलही. जुनी अंगठी असेल.

मी त्यांना ‘तो खोटं बोलतोय’ असं सांगितलं नाही. सांगायला आधारच नव्हता, कारण त्याच पाच पानांतून कंपनीची नोटीस, सोसायटीचा वाद किंवा कर्जाचा कागदही वाचता आला असता. मी म्हटलं, यांचा कुठला तरी अधिकृत कागद अर्धवट आहे असं ओळ दाखवते. डिव्होर्स झालाय म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा हातात आहे का, एवढं विचारा. त्यांनी विचारलं. हुकूमनामा नव्हता. परस्पर संमतीने अर्ज केलेला, वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात, आणि दुसरी तारीख व्हायची होती. हिंदू विवाह कायद्यात पहिल्या अर्जानंतर साधारणपणे सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा कोर्टापुढे जावं लागतं. २०१७ पासून योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकतं, पण आपोआप काही होत नाही. तो माणूस बायकोपासून कधीच वेगळा राहत होता, त्याच्या मनाने डिव्होर्स झालेला होता. कायद्याने तो विवाहितच होता, आणि हुकूमनामा येईपर्यंत दुसरं लग्न करू शकत नव्हता. आता हा माणूस लबाड म्हणायचा का? ज्याने त्याने ठरवावं. मला त्यात ढगही दिसतात आणि कोल्हाही दिसतो: सगळं खोटं नाही, पण जेवढं सांगायला सोपं तेवढंच सांगितलेलं.

ही हकिगत पानांच्या कौतुकासाठी सांगितलेली नाही. पानांनी एक बरा प्रश्न हातात दिला, उत्तर त्या बाईंना त्या माणसाकडून आणि कागदावरूनच मिळालं. प्रश्न विचारलाच नसता तर पाच पानं काय, छत्तीस मांडून काही उपयोग नव्हता. आणि कृपा करून त्यांच्या ओळीतला अर्थ तुमच्या ओळीवर चिकटवू नका. तुमच्याकडे मनोरा नाही, पत्र नाही. तुमच्या ओळीला कोर्टाचा वासही नाही.

तुमच्याकडे शनिवार आहे. मी तुमच्या जागी असते तर ‘प्रामाणिक आहे का’ हा प्रश्न बाजूला ठेवून एवढंच विचारलं असतं: ‘त्याच्या शनिवारांबद्दल मला काय लक्षात घ्यायला हवं?’ नवी तीन पानं, पूर्ण पिसून. त्यात कोल्हा पुन्हा आला आणि शेजारी मनोरा किंवा अस्वल असलं, तर नोकरीचा अर्थ जड होतो. अस्वल म्हणजे वरिष्ठ किंवा पैसा. घर किंवा लिली आली तर घरची जबाबदारी, मोठ्या माणसांचं आजारपण, असं काही असू शकतं, आणि ‘घरच्यांना भेटूया’ला थांबा का मिळतो हेही मग त्याच धाग्यात बसतं. पुस्तक आलं तर काहीतरी मुद्दाम झाकलेलं आहे. ढगांमध्ये आणि पुस्तकात गल्लत करू नका. ढगांत गोष्ट दिसत नाही, पुस्तकात ती बंद करून ठेवलेली असते. साप आला, विशेषतः पुस्तकाच्या किंवा हृदयाच्या शेजारी, तर मी तुम्हाला स्पष्टच सांगेन की दुसरं कुणी असण्याची शक्यता विचारात घ्या. तुमच्या पहिल्या ओळीत ना पुस्तक आहे, ना साप. फसवणुकीची ओळ मी बघते तेव्हा या दोघांपैकी निदान एकाची वाट बघते. नुसत्या कोल्ह्यावर मी कुणाचं लफडं आजवर वाचलेलं नाही.

किल्ली किंवा सूर्य ढगांच्या नंतर, म्हणजे उजवीकडे पडला तर उलगडा जवळ आहे. तोच सूर्य ढगांच्या आधी पडला तर चित्र उलटं होतं, आत्ता स्वच्छ वाटणारं पुढे धूसर होणार. क्रमाकडे दुर्लक्ष करून नुसती ‘सूर्य आला, बरं झालं’ अशी मोजणी करू नका.

हा दुसरा प्रश्नही एकदाच विचारायचा. मनासारखं येईपर्यंत रोज रात्री तीन-तीन पानं काढत बसलात तर चौथ्या दिवशी गड्डी काय म्हणते ते तुम्हालाच कळेनासं होईल. पहिली ओळ वहीत लिहून ठेवा, तारखेसकट, आणि तुम्ही शब्दशः काय विचारलं होतं तेही. पुढच्या महिन्यात तीच ओळ पुन्हा बघाल तेव्हा कोल्ह्याचा कुठला अर्थ खरा ठरला ते कळेल. तुमच्या हातात कोल्हा नोकरीचं बोलतो की स्वार्थाचं, हे ज्याचं त्यालाच अशा वहीवरून कळत जातं.

आणि आता पानं बाजूला ठेवून. ज्या ओळीचा गाभा ढग आहे, तिच्यावर उपाय एकच, मोघम प्रश्नाऐवजी नेमका प्रश्न. ‘तू माझ्याशी खरं वागतोस ना?’ याला कुठलाही माणूस हो म्हणणार. त्याऐवजी ‘शनिवारी तुला कुठल्या कामाला जावं लागतं?’, ‘तुझ्या घरी माझ्याबद्दल कुणाला माहीत आहे?’, ‘थांब म्हणतोस ते कशासाठी आणि कधीपर्यंत?’ असं विचारा. समोरासमोर विचारा, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून विचारलंत तरी चालेल, पण व्हॉट्सॲपवर नको. तिथे दोन निळ्या टिकांवरूनच नवे ढग जमतात. उत्तर ऐकताना ते आवडतं का यापेक्षा त्यात नाव, जागा, तारीख असं काही धरण्यासारखं आहे का, तेवढं बघा. ‘आईची डायलिसिस असते शनिवारी, तिला तुझ्याबद्दल कसं सांगू कळत नाहीये’ हे उत्तर झालं. ‘तू फार विचार करतेस’ हे उत्तर नाही, आणि तेच दोनदा मिळालं तर मग कोल्ह्याला मीसुद्धा त्याच्या नावावर लिहीन. त्याचा फोन चोरून बघू नका, त्याच्या ऑफिसखाली जाऊन उभ्या राहू नका; कोल्ह्याचं पान आलं म्हणून आपणच कोल्हा व्हायचं नसतं.

एक अपवाद. यात कुठेही पैसे आले असतील, म्हणजे त्याने उसने मागितलेत, गुंतवणूक सुचवली, किंवा तुमच्या नावावर कर्ज काढायचं बोललाय, तर पुढची ओळ काढूच नका आणि पैसे देऊ नका. आधीच ऑनलाइन दिले असतील आणि फसवणूक वाटत असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितके ते पैसे अडवणं अवघड. तुमच्या पत्रात पैशांचा उल्लेख नाही, म्हणून हे एवढ्यावरच सोडते.

गड्डीतले ढग कुठल्या बाजूला काळे आहेत ते मला कळवा. उजवीकडे असतील तर मी वर लिहिलेलं वाचन तसंच ठेवेन. डावीकडे असतील तर प्रश्नांचा क्रम बदला: शनिवार नंतर, आधी ‘थांब’ कशासाठी ते.